एकच मॉडेल, १४० पीस: करारातल्या खऱ्या फोटोंवरून कॅटलॉग कसा उभा करायचा

प्रश्न: सांगलीत आमचं कुर्ती, ड्रेस आणि साड्यांचं दुकान आहे. मिरजेच्या एका मॉडेलशी एक वर्षाचा करार केलाय. तिचे फोटो दुकानाच्या जाहिरातीला वापरता येतील असं त्यात लिहिलंय. तिचे १८ फोटो आमच्याकडे आहेत. दिवाळीसाठी १४० पीस आलेत, प्रत्येकाचं शूट परवडत नाही. एआय वापरून तीच मुलगी सगळ्या कपड्यांत दाखवायची आहे. आम्ही करून बघितलं, पण दर फोटोत वेगळीच बाई येते आणि कपड्याची नक्षीही बदलते. नेमकं काय करावं?

उत्तर:

तुमच्या कामाचा क्रम उलटा लागलाय. तुम्ही मुलगी आणि कपडा दोन्ही एआयकडून बनवून घेताय. कॅटलॉगमध्ये कपडा हा नेहमी कॅमेऱ्याने काढलेला खरा फोटोच असला पाहिजे, कारण गिऱ्हाईक पैसे त्याचेच देतं. एआयला फक्त माणसाचा भाग द्यायचा: चेहरा, मान, केस, हात. आणि त्यातही जिथे खरा फोटो चालेल तिथे खराच घ्यायचा. एवढी विभागणी नीट केली की तुमच्या दोन्ही तक्रारी सुटतात. पण त्याआधी तुमचा करार बघू, कारण आहे त्या करारावर हे काम सुरू करता येणार नाही.

तुमच्या करारात "फोटो जाहिरातीला वापरणे" आहे. ते काढलेल्या फोटोंपुरतं झालं. तुम्ही करणार आहात ते वेगळं आहे. तिच्या चेहऱ्यावरून एक फाइल तयार होणार, आणि ती फाइल तिने कधी न घातलेल्या कपड्यांत, कधी न दिलेल्या पोझमध्ये तिला दाखवू शकणार. उद्या ती फाइल दुसऱ्याच्या हातात गेली तर तो तिला कशातही दाखवू शकतो. म्हणून तिला समोर बसवून, मराठीत, हे काय आहे ते सांगा आणि पुरवणी करार करा. अनिल कपूर यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, आणि अरिजित सिंग यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, परवानगीशिवाय एआयने चेहरा किंवा आवाज वापरण्याला मनाई केली. ती नावाजलेली माणसं होती हे खरं, पण मिरजेच्या मुलीचा तिच्या चेहऱ्यावरचा हक्क त्यामुळे कमी होत नाही.

पुरवणी करारात माझ्या मते या गोष्टी स्पष्ट शब्दांत हव्यात. तिच्या फोटोंवरून संगणकाला तिचा चेहरा शिकवायला तिची संमती आहे. ती फाइल फक्त याच दुकानाच्या कॅटलॉगसाठी वापरली जाईल. कोणत्या प्रकारचे कपडे चालतील आणि कोणते नाहीत. नाइटवेअर, अंतर्वस्त्रं, पोहण्याचे कपडे यांत तिला दाखवायचं नसेल तर तसं नाव घेऊन लिहा. प्रत्येक चित्र बाहेर पडण्याआधी ती बघेल आणि तिने नाही म्हटलेलं चित्र वापरलं जाणार नाही. फाइल कुणाच्या कोणत्या कॉम्प्युटरवर राहील. मुदत संपली की ती पुसली जाईल, काम करणाऱ्या फ्रीलान्सरकडची प्रतसुद्धा. आणि पैसे पीसमागे. हे शेवटचं मी आग्रहाने सांगतो. १४० पीस म्हणजे तिचे कितीतरी दिवसांचे शूट होते, ते तुम्ही वाचवताय. ते दिवस तिच्या पोटापाण्याचे होते. दिवसाचा दर गेला तर पीसमागे दर यायलाच हवा, नाहीतर तिने एकदा फोटो देऊन आपलाच धंदा बंद केल्यासारखं होईल.

फोटोग्राफरचंही बघा. तुम्ही पैसे देऊन तुमच्यासाठी फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पहिला हक्क तुमचा. पण ते १८ फोटो मॉडेलने स्वतःच्या पोर्टफोलिओतून पाठवले असतील तर ते दुसऱ्या कुणाचे असू शकतात. अशा वेळी ते बाजूला ठेवा आणि नवे काढा. मसुदा वकिलाकडून तपासून घ्या, तो खर्च इथे वाचवू नका. आणि तिचं वय १८ पूर्ण आहे याचा कागद फाइलला लावा, कारण अल्पवयीन व्यक्तीचा करार कायद्याने मुळातच रद्द असतो.

आता ते १८ फोटो. मोबाइलचं ब्यूटी फिल्टर असलेले, एकाच क्षणी पाठोपाठ काढलेले, गॉगल घातलेले, लग्नाच्या जड मेकअपमधले, हे सगळे काढून टाका. अशा फोटोंच्या गठ्ठ्यात बहुधा निम्मेसुद्धा उरत नाहीत. फिल्टरवाला फोटो सगळ्यात घातक, कारण त्यात नाक बारीक आणि कातडी गुळगुळीत केलेली असते. संगणक खरी मुलगी आणि फिल्टरची मुलगी यांची सरासरी शिकतो. "वेगळीच बाई येते" याचं पहिलं कारण हेच असतं.

दुसरं कारण भिंगाचं. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन मीटरवरून २x ने काढलेल्या फोटोत तोच चेहरा प्रमाणात दिसतो. दोन्ही प्रकार एकत्र शिकवले तर संगणकाला एकाच माणसाची दोन नाकं शिकायला मिळतात. तिसरं कारण सेल्फी. कित्येक फोनमध्ये सेल्फी आरशासारखी उलटी जतन होते. डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे जातो, भांग बाजू बदलतो, चमकी उजव्या नाकपुडीत दिसते. म्हणून सेल्फी एकही घेऊ नका.

यावर माझा सल्ला सरळ आहे: तिला दोन तास बोलवा आणि या कामासाठीच फोटो काढा. पैसे द्या. १४० पिसांच्या कामात हा खर्च काहीच नाही. कॅमेरा किंवा फोन ट्रायपॉडवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला, दोन ते अडीच मीटरवर, २x वर, व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून कुलूपबंद. पहिल्या फोटोत तिच्या हातात ग्रे कार्ड, म्हणजे रंग ताडायचा ठरावीक करड्या रंगाचा पुठ्ठा, द्या, म्हणजे पुढे तिच्या रंगाची खरी खूण तुमच्याकडे राहील. चेहरा समोरून, दोन्ही बाजूंना थोडा वळवून, पूर्ण बाजूने, किंचित वर, किंचित खाली. प्रत्येकात तीन भाव: शांत, ओठ मिटून हसू, दात दिसतील असं हसू. केस मोकळे, वेणी आणि अंबाडा. एक संच खिडकीच्या मऊ उजेडात, एक संच अगदी त्याच दिव्यात ज्यात तुम्ही पुढे कपड्यांचे फोटो काढणार आहात. या दुसऱ्या संचाचं महत्त्व खाली कळेल.

कपडे मात्र बदलत राहा. तिने सगळ्या फोटोंत एकच गोल गळ्याची कुर्ती घातली तर संगणकाला ती कुर्ती तिच्या मानेचाच भाग वाटते आणि पुढे प्रत्येक गळ्यात तिचा काठ डोकावतो. पाच-सहा वेगवेगळे गळे आणि रंग पुरतात. कानातलं प्रत्येक वेळी बदला किंवा काढूनच ठेवा. आणि तिच्या हातांचे फोटो काढायला विसरू नका: दोन्ही हात खाली सोडलेले, एक हात कमरेवर, एक हात ओढणी धरलेला, एक हात पदराला लावलेला. एआयची बोटं अजूनही अधूनमधून चुकतात, आणि तिचे खरे हात हाताशी असताना ती काढायला लावायची गरज काय?

या सत्रातून निवडून साधारण ३० फोटो शिकवायला घ्या. निम्मे चेहऱ्याचे, एक तृतीयांश कमरेपर्यंतचे, बाकीचे पूर्ण उभे.

शिकवण्याचं काम म्हणजे लोरा बनवणं. मूळ चित्र-मॉडेल तसंच ठेवून त्यावर एका व्यक्तीची छोटी पुरवणी फाइल चढवायची. मूळ मॉडेल म्हणून मी एसडीएक्सएल सुचवतो. ते सर्वात नवं नाही, पण त्याच्या परवान्यात व्यापारी वापराला मुभा आहे. हा मुद्दा लोक विसरतात. कपडे चढवून दाखवणारं IDM-VTON अव्यापारी परवान्यावर आहे. एका फोटोवरून चेहरा आणणारी InstantID सारखी साधनं ज्या InsightFace च्या तयार मॉडेलवर चालतात, तीही फक्त संशोधनासाठी खुली आहेत. यूट्यूबवर बघून ती बसवणं सोपं आहे, पण दुकानाच्या कामाला ती चालत नाहीत. मॉडेलशी रीतसर करार करायचा आणि सॉफ्टवेअरचा परवाना मोडायचा, हे बरोबर नाही.

प्रत्येक फोटोसोबत त्याच नावाची एक मजकुराची फाइल लागते. तिचा नियम असा: जे बदलायला हवं ते लिहायचं, जे कायम राहायला हवं ते लिहायचं नाही. कपडे, केसांची रचना, उजेड, मागची भिंत लिहा. तीळ, नाक, हनुवटी, रंग लिहू नका. प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला तिच्यासाठी एक खुणेचा शब्द असतो, न लिहिलेलं सगळं त्या शब्दाला चिकटतं, आणि आपल्याला तेच हवं आहे. हा शब्द निरर्थक घ्या, तिचं खरं नाव वापरू नका. खाली तो mrjk आहे.

```
mrjk woman, half body, three-quarter view, braided hair, yellow cotton kurta, round neck, window light, plain wall
```

लोरा शिकवायच्या kohya च्या sd-scripts या सॉफ्टवेअरमध्ये डेटासेटची फाइल एवढीच लागते:

```toml
[general]
caption_extension = ".txt"
shuffle_caption = true
keep_tokens = 1
flip_aug = false

[[datasets]]
resolution = 1024
batch_size = 1
enable_bucket = true

  [[datasets.subsets]]
  image_dir = "D:/katalog/mrjk"
  num_repeats = 8
```

यात `flip_aug = false` ही ओळ आपल्या कामासाठी सर्वात मोलाची. ते चालू केलं तर प्रत्येक फोटो उलटा करूनही शिकवला जातो. मग तीळ दोन्ही गालांवर पुसट येतो, चमकी बाजू बदलते, आणि साडीचा पदर कधी डाव्या खांद्यावर तर कधी उजव्या. फोटो कमी असले की ते चालू करा असा सल्ला ठिकठिकाणी मिळेल. माणसाच्या चेहऱ्यासाठी तो मानू नका.

३० फोटो आणि ८ आवर्तनं म्हणजे एका फेरीत २४० पावलं. दहा फेऱ्या लावा, `network_dim` ३२, `network_alpha` १६, शिकण्याचा वेग `1e-4`, आणि प्रत्येक फेरीनंतर फाइल जतन करा. २४ जीबीच्या ग्राफिक कार्डावर हे तास-दोन तासांत होतं. शेवटची फेरी सर्वात चांगली असं समजू नका. सगळ्या फेऱ्यांना एकच वाक्य आणि एकच सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, देऊन चित्रं काढा आणि शेजारी शेजारी लावा. सुरुवातीच्या फेऱ्यांत ती तिच्या चुलत बहिणीसारखी दिसेल. मधल्या फेऱ्यांत ती स्वतः दिसेल. शेवटच्या फेऱ्यांत ती तर येईल, पण तेच एक हसू, तीच भिंत, तेच कानातलं घेऊन, तुम्ही काहीही लिहिलं तरी. जिथे ती ओळखू येते आणि तरी सांगितलेलं केसांचं वळण, भाव ऐकते, ती फाइल ठेवा. बहुतेक वेळा ती सहावी ते आठवी असते.

आता कपड्याकडे येऊ. नक्षी का बदलते हे एकदा कळलं की पुढची सगळी पद्धत आपोआप पटते. एसडीएक्सएलला उभं चित्र ८३२ × १२१६ पिक्सेलच्या आसपास सोसतं. त्यात पूर्ण उभी १६० सेंटिमीटरची मुलगी साधारण ११०० पिक्सेलमध्ये बसते, म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ दीड मिलिमीटरचा. पण मॉडेल पिक्सेलवर काम करत नाही. ते आधी चित्र दोन्ही दिशांना आठपट आकसून घेतं, त्यामुळे त्याचं एक घर कापडावरच्या जवळजवळ १२ मिलिमीटरचं होतं. तुमच्या कुर्तीवरची बुट्टी ५ मिलिमीटरची असेल तर ती एका घराच्या निम्मीही नाही. इरकलच्या काठातल्या बारीक रेघांची तर गोष्टच सोडा. मॉडेल त्या जागी "बुट्टीसारखं काहीतरी" भरतं. हा सेटिंगचा दोष नाही, वाक्य बदलून तो जात नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही कपड्याला मास्क लावून "याला हात लावू नको" असं सांगितलं तरी अख्खं चित्र त्या आकसण्या-फुलवण्यातून जातंच. त्यामुळे न बदललेल्या भागातली जरही पुसट होते आणि रंगही किंचित सरकतो. म्हणून काम झाल्यावर मूळ फोटोतला कपडा मूळ आकारात, जसाच्या तसा, वरून परत बसवायचा. ComfyUI या एआय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी `ImageCompositeMasked` आहे, फोटोशॉपमध्ये लेयर मास्कने होतं. ही एक पायरी गाळली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

एक पीस घेऊन सगळं सांगतो. समजा मोरपंखी रंगाची कॉटन कुर्ती आहे, चौकोनी गळा, कोपरापर्यंत बाही, अंगभर सोनेरी बुट्टी.

ती हॅंगरवर किंवा जमिनीवर पसरून नाही, पुतळ्यावर चढवून फोटो काढा. पुतळा मॉडेलच्या मापाच्या जवळचा निवडा, आणि पाठीमागे चिमटे लावून कुर्ती अंगाबरोबर आवळू नका. चिमट्यांनी फोटो सुबक होतो, पण गिऱ्हाइकाला फिटिंगबद्दल खोटं सांगितलं जातं आणि पीस परत येतो. फरशीवर पुतळ्याची आणि ट्रायपॉडची जागा टेपने आखून ठेवा, दिवे आणि व्हाइट बॅलन्स १४० पिसांसाठी एकच. मग गळ्याची आतली मागची बाजू दिसेल असा एक वेगळा फोटो घ्या, कारण पुतळ्याची मान काढल्यावर तिथे कापडाची आतली पट्टी दिसायला हवी.

Segment Anything या एआय साधनाने कुर्तीचा मास्क काढा. गळ्याच्या आणि बाहीच्या कडा दोनशे टक्के मोठं करून हाताने तपासा. मास्क एक-दोन पिक्सेल आत राहू द्या, नाहीतर पुतळ्याचा पांढरा रंग कडेला झिरपतो.

आता डोकं. दोन तासांच्या सत्रातला दुसरा संच आठवा, जो याच दिव्यात काढला होता. पुतळ्याच्या मानेच्या कोनाशी जुळणारा तिचा खरा फोटो त्यातून निवडा, आकार जुळवून पुतळ्याच्या डोक्याच्या जागी ठेवा. हातही तसेच, तिचे खरे. इथपर्यंत एआय आलेलंच नाही, आणि चेहरा तिचाच आहे याबद्दल शंकाही नाही. लोराचं काम इथून पुढे: मान आणि खांदा यांचा सांधा, केसांची कड, दंड बाहीत शिरतो ती जागा. या पट्ट्यांवर मास्क लावून, लोराचा जोर ०.८ च्या आसपास ठेवून, पुन्हा रंगवून घ्या. पुतळ्याच्या फोटोतली खोली मोजून आकार धरून ठेवणारा डेप्थ कंट्रोलनेट ०.५ ते ०.६ वर लावला तर दंड आणि खांदे जागचे हलत नाहीत.

सगळे १४० चेहरे एकाच भावाचे नकोत, म्हणून काही पिसांत चेहऱ्यावरही लोरा चालवा. पण पूर्ण उभ्या चित्रात नाही. ११०० पिक्सेल उंचीच्या मुलीचा चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जेमतेम ११० पिक्सेल असतो, म्हणजे मॉडेलच्या हिशोबात चौदा घरं. चौदा घरांत कुणाचीच ओळख मावत नाही. "दर वेळी वेगळी बाई" याचं उरलेलं कारण हे. चेहऱ्याचा चौकोन कापून १०२४ पिक्सेलपर्यंत मोठा करा, डिनॉइज, म्हणजे चित्र किती बदलायचं त्याचं प्रमाण, ०.३५ ते ०.४५ ठेवून त्यावर लोरा चालवा, आणि लहान करून परत बसवा. ०.६ च्या वर गेलात की खालचा खरा चेहरा सुटतो आणि मॉडेल स्वतःच्या मनातला चेहरा काढू लागतं.

शेवटी मूळ कुर्ती वरून बसवा. मग हनुवटीची सावली गळ्याखाली हवी, ती मल्टिप्लाय लेयरवर हलकीशी हाताने द्या. ही सावली नसली की डोकं चिकटवल्यासारखं दिसतं, मग चेहरा कितीही हुबेहूब असो. मोकळे केस कुर्तीवर पडले की मास्कचं काम तिप्पट होतं, म्हणून कॅटलॉगच्या बहुतेक पिसांत वेणी पाठीमागे किंवा अंबाडा ठेवा.

साडीला हीच पद्धत चालते, फक्त नेसवणाऱ्या बाई सराईत हव्यात, कारण निऱ्या आणि पदर फोटोत जसे आहेत तसेच राहणार आहेत. अडचण येते ती नेट आणि ऑर्गन्झाच्या ओढणीला. तिच्यातून मागचा पुतळा दिसतो, आणि पांढऱ्या पुतळ्यावरून आलेला ओढणीचा रंग तिच्या दंडावर खोटा वाटतो. पुतळ्याच्या हाताला तिच्या रंगाच्या जवळचं कापड घट्ट गुंडाळून फोटो काढला तर बरंच भागतं. तरीही पूर्ण पारदर्शक पीस वेगळे काढा आणि त्यांच्यासाठी तिला शूटला बोलवा. १४० पैकी असे मोजकेच असतील, त्यांच्यावर एआय रेटण्यात अर्थ नाही.

तपासणी रोजच्या रोज करा, शेवटी नको. दिवसभरात झालेल्या चित्रांतले चेहरे एकाच आकारात कापून एका पानावर लावा, मधेमधे तिचे खरे फोटो पेरा, आणि ते पान तिच्या आईला किंवा बहिणीला दाखवा. आपल्या नजरेला दिवसभर बघून सवय झालेली असते, घरच्यांना लगेच कळतं. दोन गोष्टी विशेष बघा. पहिली, रंग. ही मॉडेलं कातडी उजळ आणि नितळ करण्याकडे झुकतात. दर चित्रात थोडं थोडं, म्हणून ते लक्षात येत नाही. ग्रे कार्डवाल्या फोटोशी गालाचा आणि दंडाचा रंग ताडून बघा आणि तिचा सावळा रंग सावळाच ठेवा. तिने करार तिच्या चेहऱ्याचा केलाय, उजळ केलेल्या कुणा दुसरीचा नाही. दुसरी, वय. गुळगुळीत कातडीमुळे ती हळूहळू वयाने लहान दिसू लागते, ते लगेच थांबवा. आणि तयार झालेली चित्रं चांगली आली म्हणून तीच पुन्हा शिकवायला वापरू नका. प्रत्येक फेरीत तीळ थोडा पुसतो, नाक थोडं सरळ होतं, आणि पाचव्या महिन्यात ती तुम्हाला ओळखू येत नाही.

कॅटलॉगच्या पानावर साध्या मराठीत लिहा: "कपड्याचा फोटो खरा आहे. मॉडेलच्या चित्रात एआयचा वापर केला आहे, तिच्या संमतीने." त्याखाली पुतळ्यावरच्या मूळ फोटोची लहान प्रत आणि छाती, लांबी, बाहीची मापं द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि वस्तूचं खोटं वर्णन तिच्यात येतं. कपडा खरा ठेवण्याचा आग्रह त्यासाठीही आहे.

लोराची `.safetensors` फाइल ऑनलाइन सेवेवर चढवू नका, फ्रीलान्सरच्या ड्राइव्हवर राहू देऊ नका. दुकानाच्या एकाच कॉम्प्युटरवर, पासवर्डच्या आत ठेवा. प्रत जितक्या वेळा होईल तितक्या वेळा तारीख, कारण आणि नाव एका वहीत टिपा. मुदत संपेल त्या दिवशी फाइल, शिकवायला घेतलेले फोटो आणि मधल्या फेऱ्यांच्या जतन फाइली, सगळं तिच्यासमोर पुसा आणि त्या वहीत तिची सही घ्या. छापून झालेली पत्रकं आणि विकून संपलेल्या पिसांची जुनी पोस्ट किती दिवस राहतील, तेही करारातच ठरवून ठेवा. दुकानावर लावलेला फ्लेक्स मात्र त्याच आठवड्यात उतरवा.